चौथा रकाना रिकामा ठेवू नका

आपल्या वस्त्यांमधल्या छोट्या संस्थांचे प्रस्ताव साधारण एकाच साच्याचे असतात. पहिल्या पानावर समाजाची परिस्थिती आणि सच्चर समितीचा उल्लेख, दुसऱ्या पानावर 'उद्दिष्टे', तिसऱ्या पानावर अंदाजपत्रक. उद्दिष्टे सात-आठ असतात आणि प्रत्येकाच्या शेवटी 'करणे' असते. जनजागृती करणे, विकास करणे, शिबिर घेणे, संगणक खरेदी करणे. सगळी एका रांगेत, एकाच वजनाची.

मी नागपुरात सॉफ्टवेअरची नोकरी करतो आणि सुटीच्या दिवशी मित्रांच्या संस्थांचे असे प्रस्ताव वाचून देतो. अलीकडे कंपन्यांचे सीएसआर विभाग आणि मोठे ट्रस्ट प्रस्तावासोबत एक तक्ता मागतात. त्याला लॉजिकल फ्रेमवर्क किंवा थोडक्यात लॉगफ्रेम म्हणतात. आपली पोरं काय करतात? उद्दिष्टांची तीच यादी उचलून पहिल्या रकान्यात चिकटवतात, दुसऱ्यात काही आकडे टाकतात, तिसऱ्यात 'फोटो, अहवाल' लिहितात आणि चौथ्यात 'समाजाचे सहकार्य मिळेल' असं लिहून मोकळी होतात. तक्ता भरला, पण विचार झाला नाही.

माझं म्हणणं असं आहे की हा तक्ता देणगीदारासाठी भरायचा कागद नाही. यादी मोडून ती तक्त्यात नव्याने मांडताना आपली योजना कुठे तुटते ते दिसतं. आणि बहुतेक वेळा ती तुटते त्या चौथ्या रकान्यातच, गृहीतकांच्या. २०२२ साली शिष्यवृत्तीच्या बाबतीत जे घडलं त्यावरून हे चांगलं समजतं.

तक्ता आला कुठून

ही पद्धत १९६९ साली अमेरिकेच्या परदेशी मदत खात्यासाठी, म्हणजे यूएसएडसाठी, लिऑन रोझेनबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तयार केली. त्यांना प्रकल्पांमध्ये तीन दुखणी सापडली होती. नियोजन मोघम होतं. कोणत्या गोष्टीची जबाबदारी प्रकल्प चालवणाऱ्याची आणि कोणती त्याच्या हाताबाहेरची, हे ठरलेलं नव्हतं. आणि यश म्हणजे काय हे आधी न ठरल्यामुळे मूल्यमापनाच्या वेळी भांडणं व्हायची. तीनही दुखणी आपल्याकडच्या कोणत्याही कमिटीच्या बैठकीत आजही ऐकू येतात.

महाराष्ट्राला ही चौकट नवी नाही. महिला आर्थिक विकास महामंडळाने, म्हणजे 'माविम'ने, २००७ पासून बचत गटांसाठी राबवलेल्या 'तेजस्विनी' कार्यक्रमाला आयफॅड या संयुक्त राष्ट्रांच्या कृषी विकास निधीचं कर्ज होतं, आणि आयफॅडचे प्रकल्प अशाच चौकटीवर मांडले जातात. तेव्हा ही मोठ्यांची, इंग्रजीतली भानगड आहे असं समजायचं कारण नाही. ती मराठीत, चार ओळी आणि चार रकान्यांत, जमिनीवर बसून करता येते.

एक कल्पित प्रस्ताव

समजा, जून २०२२ आहे. मोमिनपुऱ्यातल्या काही तरुणांनी ठरवलं की आसपासच्या चार शाळांतल्या मुलांना केंद्र सरकारची अल्पसंख्याक मॅट्रिकपूर्व शिष्यवृत्ती मिळवून देण्यासाठी मदत केंद्र काढायचं. तरुण आणि प्रस्ताव माझ्या कल्पनेतले आहेत, योजना मात्र खरी. २००६ च्या पंतप्रधानांच्या नव्या १५ कलमी कार्यक्रमातून ती आली आणि २००८ मध्ये सुरू झाली. पहिली ते दहावीच्या मुलांसाठी होती. कुटुंबाचं वार्षिक उत्पन्न एक लाखाच्या आत, आदल्या परीक्षेत किमान ५० टक्के गुण आणि एका घरातल्या जास्तीत जास्त दोन मुलांना लाभ, अशा मुख्य अटी होत्या. घरी राहून शिकणाऱ्या मुलाला महिना १०० रुपये, दहा महिन्यांचे, म्हणजे वर्षाला १,००० रुपये निर्वाह भत्ता मिळायचा. सहावीपासून पुढे फी भरणाऱ्या मुलांना मर्यादेत फीची रक्कमही होती.

त्या तरुणांची उद्दिष्टांची यादी अशी:

१. मुस्लिम विद्यार्थ्यांचा शैक्षणिक विकास करणे.
२. शिष्यवृत्तीबाबत जनजागृती करणे.
३. दहा शिबिरे घेणे.
४. ४०० विद्यार्थ्यांचे अर्ज भरून देणे.
५. विद्यार्थ्यांना शिष्यवृत्ती मिळवून देणे.
६. संगणक व प्रिंटर खरेदी करणे.
७. शाळागळती थांबवणे.

यात खोटं काही नाही. पण सातही गोष्टी एका पातळीवरच्या नाहीत. प्रिंटर खरेदी करणं आणि शाळागळती थांबवणं हे एकाच यादीत शेजारी बसले की वाचणाऱ्याला वाटतं, प्रिंटर आला की गळती थांबेल.

यादीची फोड

प्रत्येक ओळीला एकच प्रश्न विचारायचा: हे घडणं कोणाच्या हातात आहे?

शिबिर घेणं आपल्या हातात आहे. ती कृती. संगणक आणि प्रिंटर तर कृतीसुद्धा नाहीत, ते साहित्य आहे आणि त्याची जागा अंदाजपत्रकात. बिनचूक भरलेला अर्ज हा आपल्या कामातून तयार होणारा माल आहे. तो आपण कबूल करू शकतो आणि नाही झाला तर जबाब आपल्याला द्यावा लागेल. त्याला निष्पत्ती म्हणू. मुलाच्या खात्यात पैसे जमा होणं मात्र आपल्या हातात नाही. त्यात शाळा आहे, जिल्हा कार्यालय आहे, बँक आहे, दिल्ली आहे. पण आपण हे सगळं ज्यासाठी करतोय ते हेच आहे. तो उद्देश. आणि त्याच्याही वर, आपल्यासह अनेकांच्या कामातून जे घडावं ते ध्येय.

इथे दोन ओळी गळून पडतात. 'जनजागृती' ही निष्पत्ती आहे की कृती, हे लिहिणाऱ्यालाच सांगता येत नाही. जागृत झालेला पालक काय करेल, असं विचारलं की उत्तर येतं, 'अर्जाचं काय झालं ते स्वतः बघेल.' मग तेच लिहा: पालकाला अर्जाची स्थिती पोर्टलवर स्वतः तपासता येते. हे मोजता येतं.

दुसरी ओळ शाळागळतीची. तक्ता खालून वर 'जर-तर' लावून वाचायचा असतो. जर कृती केल्या तर निष्पत्ती मिळेल, जर निष्पत्ती मिळाली तर उद्देश साधेल, जर उद्देश साधला तर ध्येयाला हातभार लागेल. आता मोठ्याने वाचा: जर मुलाच्या खात्यात वर्षाला १,००० रुपये जमा झाले, तर तो शाळा सोडणार नाही. नववीतला मुलगा गॅरेजवर किंवा वेल्डिंगच्या दुकानात जातो तेव्हा त्याला मिळणाऱ्या रोजीपुढे वर्षाचे हजार रुपये किती टिकतील? 'तर' म्हणताना जीभ अडखळते. म्हणजे साखळी इथे तुटली. तेव्हा ध्येय खाली आणायचं: कुटुंबावरचा वह्या-गणवेशाचा भार थोडा हलका होतो. प्रस्ताव लहान झाल्यासारखा वाटतो, पण आता तो खरा आहे. गळतीवर काम करायचंच असेल तर त्यासाठी वेगळ्या कृती लागतील आणि वेगळा तक्ताही.

फोड केल्यावर प्रस्ताव असा दिसतो:

| काय घडेल | निर्देशक | पडताळणीचे साधन | गृहीतके |
|---|---|---|---|
| ध्येय: कुटुंबावरचा शालेय खर्चाचा भार हलका होतो | शाळेसाठी उधारी करावी लागलेल्या घरांची संख्या कमी होते | ४० घरांची वर्षाच्या सुरुवातीला व शेवटी विचारपूस | – |
| उद्देश: पात्र मुलांच्या खात्यात शिष्यवृत्ती जमा होते | ४०० पैकी किमान ३०० मुलांना ३० जून २०२३ पर्यंत रक्कम | पासबुकातली नोंद | रक्कम शाळेच्या खर्चालाच वापरली जाते, त्या वर्षी शाळेचा खर्च एकदम वाढत नाही |
| निष्पत्ती: (१) कागदपत्रे जुळलेली (२) अर्ज बिनचूक सादर (३) पालकांना स्थिती तपासता येते | (१) ४०० मुले, अर्जाआधी (२) ४०० अर्ज, मुदतीच्या १५ दिवस आधी (३) २०० पालक स्वतः तपासून दाखवतात | तपासणी यादी, अर्जाच्या पावत्या, केंद्राची नोंदवही | शाळा व जिल्हा पातळीवर पडताळणी वेळेत होते; योजना पहिली ते दहावीसाठी चालू राहते |
| कृती: घरोघर यादी, कागदपत्र शिबिरे, बँकेत पाठपुरावा, अर्ज भरणे, शाळांना यादी देणे | २ कार्यकर्ते, १ संगणक, १ प्रिंटर, ५ महिने | हिशेबाची वही, हजेरी | पोर्टल चालते, आधार केंद्रात वेळ मिळते |

गृहीतकांचा रकाना तिरका वाचायचा असतो. एखाद्या ओळीतलं गृहीतक त्या ओळीतून वरच्या ओळीत चढण्यासाठी लागतं. निष्पत्ती मिळाली आणि तिच्या शेजारची गृहीतकं खरी ठरली, तरच उद्देश साधतो. ध्येयाच्या वर काही नाही, म्हणून तिथला रकाना मोकळा.

निर्देशकाची परीक्षा

निर्देशक चांगला आहे की नाही हे ओळखायची एक सोपी कसोटी आहे. काम फसलं असतानाही हा आकडा शंभर टक्के येऊ शकतो का? येऊ शकत असेल तर तो निर्देशक चुकीच्या ओळीत बसलाय.

'शिबिराला ३५० पालक उपस्थित' हा आकडा एकाही मुलाला पैसे न मिळता गाठता येतो. '४०० अर्ज भरले' हाही गाठता येतो. तो निष्पत्तीचा निर्देशक म्हणून ठीक आहे, उद्देशाचा म्हणून नाही. अर्ज सादर झाल्यावर त्याला शाळेची पडताळणी लागते, मग जिल्ह्याची, मग मंजुरी, मग थेट खात्यात रक्कम. प्रत्येक टप्प्यावर अर्ज गळतात. वर्षभराने एखादी आई केंद्रावर येऊन विचारते, "भाऊ, फॉर्म तर तुम्हीच भरला होता, पैसे कुठे आहेत?" तेव्हा आपल्या अहवालात ४०० पैकी ४०० लिहिलेलं असतं. तिचा प्रश्न हाच उद्देशाचा निर्देशक आहे. म्हणून पुरावा पोर्टलवरच्या स्थितीचाही नको, पासबुकातल्या नोंदीचा हवा.

आकडा लिहिताना तो 'कशापैकी' हेही ठरवावं लागतं. चार शाळांतली सगळी मुलं हा छेद धरून चालणार नाही. ज्या घरातली चार मुलं शाळेत जातात तिथे दोघांनाच लाभ आहे. गुणांची अट आहे, उत्पन्नाची आहे. म्हणून पहिली कृती 'शिबिर' नसून 'घरोघर यादी' आहे. यादीशिवाय ४०० हा आकडा कुठून आला याला उत्तर नसतं, आणि देणगीदाराच्या आधी तो प्रश्न आपण स्वतःला विचारलेला बरा.

गृहीतकांची चाळणी

आता त्या चौथ्या रकान्याकडे येऊ. सॉफ्टवेअरमध्ये आम्ही दुसऱ्याच्या सर्व्हरवर अवलंबून असलो की तो बंद पडला तर काय, हे आधी लिहून ठेवतो. गृहीतक म्हणजे तीच गोष्ट: आपल्या योजनेतला तो भाग, जो दुसऱ्याच्या ताब्यात आहे.

प्रत्येक गृहीतकाला तीन प्रश्न विचारायचे. पहिला, हे खोटं ठरलं तर काम अडेल का? नसेल अडत तर खोडून टाका. 'समाजाचे सहकार्य मिळेल' हे इथेच गळतं, कारण त्याचा नेमका अर्थच नाही. दुसरा, हे खरं ठरण्याची शक्यता किती? जवळपास नक्की असेल तर लिहायची गरज नाही. शक्यता बरी असेल तर लिहा आणि लक्ष ठेवा. तिसरा प्रश्न, शक्यता कमी असेल तर आपण काही करू शकतो का? करू शकत असाल तर ते गृहीतकांतून काढा आणि कृतींमध्ये टाका. करू शकत नसाल तर ते मारक गृहीतक आहे, आणि योजना बदलल्याशिवाय पुढे जाऊ नका.

याचं एक उदाहरण घेऊ. पहिल्या मसुद्यात लिहिलेलं असतं: 'मुलांची बँक खाती आधारशी जोडलेली आहेत.' पालक सांगतात, हो, जोडलंय. पण खात्याला केवायसीसाठी आधार देणं आणि थेट लाभ हस्तांतरणासाठी ते खातं आधारशी मॅप होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय एकापेक्षा जास्त खाती असली तर सरकारी रक्कम सगळ्यात शेवटी मॅप झालेल्या खात्यात जाते. कधीतरी उघडलेलं आणि वापराविना पडून राहिलेलं खातं मॅप असेल तर पैसे तिकडे अडकतात. मग नावाचा घोळ आहेच. शाळेच्या दाखल्यावर मराठीत मोहम्मद, आधारवर इंग्रजीत `Mohd`, बँकेत `Md`. शेखचं स्पेलिंग एकाच घरात दोन प्रकारचं. आपल्या नावांचा प्रवास उर्दूतून मराठीत आणि मराठीतून इंग्रजीत होतो, आणि प्रत्येक वळणावर एक अक्षर सांडतं.

म्हणजे हे गृहीतक खरं असण्याची शक्यता कमी आहे. पण आपण काही करू शकतो. म्हणून ते चौथ्या रकान्यातून निघून पहिल्या रकान्यात गेलं: कागदपत्र शिबिरे आणि बँकेत पाठपुरावा या कृती, 'कागदपत्रे जुळलेली' ही स्वतंत्र निष्पत्ती. अर्ज भरण्याच्या आधीची. वरच्या तक्त्यातली पहिली निष्पत्ती मूळ यादीत कुठेच नव्हती, ती या चाळणीतून जन्माला आली. दहा शिबिरांपैकी सहा बहुधा याच कामात जातील. अंदाजपत्रकही त्याप्रमाणे बदलेल, कारण इथे फ्लेक्सपेक्षा कार्यकर्त्याचा वेळ आणि पालकांच्या बँकेच्या खेपा जास्त लागतात.

शाळेच्या पडताळणीचं तसंच, पण अर्धवट. मुख्याध्यापकांच्या लॉगिनमधून अर्ज पुढे गेला नाही तर सगळं फुकट. ते काम आपण करू शकत नाही. पण वर्गवार यादी छापून देणं आणि दर आठवड्याला किती अर्ज पडून आहेत ते विचारणं शक्य आहे. म्हणून एक कृती वाढली आणि गृहीतकही राहिलं, लक्ष ठेवण्यासाठी.

नोव्हेंबर २०२२

आता राहिलं शेवटचं गृहीतक: योजना पहिली ते दहावीसाठी चालू राहते. बारा-चौदा वर्षं चाललेली योजना, तिच्याबद्दल शंका कोण घेणार? बहुतेकांनी हे गृहीतक लिहिलंही नसतं.

त्या वर्षी पोर्टल उघडलं, अर्ज भरले गेले. आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये केंद्र सरकारने कळवलं की २०२२-२३ पासून ही शिष्यवृत्ती फक्त नववी-दहावीसाठी असेल. कारण दिलं की शिक्षण हक्क कायद्याने पहिली ते आठवीचं शिक्षण तसंही मोफत आहे. पुढच्याच महिन्यात मौलाना आझाद राष्ट्रीय फेलोशिप बंद झाल्याचं सरकारने संसदेत सांगितलं.

आपल्या कल्पित केंद्रावर याचा परिणाम बघा. समजा, ४०० मुलांपैकी २८० आठवीपर्यंतची आहेत. मूळ यादीप्रमाणे अहवाल लिहिला तर दहा शिबिरे झाली, ४०० अर्ज भरले, प्रिंटर आला. काम शंभर टक्के पूर्ण. तक्त्याप्रमाणे लिहिला तर उद्देशाच्या ओळीत ३०० चं लक्ष्य आता गाठताच येत नाही. बाकी सगळं सुरळीत झालं तरी जास्तीत जास्त १२०. दोन्ही अहवाल एकाच कामाचे. दुसरा वाचून वाईट वाटतं, पण त्यातून कळतं की कार्यकर्ते कमी पडले नाहीत, निष्पत्ती मिळाली होती, आणि तुटलं ते गृहीतक. मदत केंद्राने पैसे खाल्ले अशी कुजबुज वस्तीत सुरू होते तेव्हा हा फरक दाखवणारा कागद हातात असणं फार मोलाचं असतं.

हे आधी कळलं असतं का? सरकार काय ठरवेल ते कोणालाच कळलं नसतं. पण धोका दिसू शकला असता. या योजनेची मंजुरी २०२१-२२ पर्यंतचीच होती. म्हणजे जून २०२२ मध्ये चौथ्या रकान्यात 'योजना चालू राहते' असं लिहिणाऱ्याने दुसरा प्रश्न प्रामाणिकपणे विचारला असता, 'खरं ठरण्याची शक्यता किती, आणि कशावरून?', तर मंजुरीच्या मुदतीपाशी त्याचं बोट थांबलं असतं. योजना थांबवणं-चालवणं आपल्या हातात नाही. मग मांडणी बदलायची.

कशी? उद्देश एकाच योजनेला बांधायचा नाही. कागदपत्रांची निष्पत्ती बघा. जुळलेलं नाव, मॅप झालेलं खातं आणि उत्पन्नाचा दाखला काढायची सवय हे नोव्हेंबरच्या बातमीनंतरही वाया जात नाही. तोच मुलगा दहावीनंतर तंत्रनिकेतनात किंवा अभियांत्रिकीला गेला की महाडीबीटीवर राज्य सरकारच्या अल्पसंख्याक शिष्यवृत्तीसाठी हीच कागदं लागतात. म्हणून उद्देश असा लिहिता आला असता: पात्र मुलांना त्यांच्या इयत्तेनुसार लागू असलेला किमान एक शैक्षणिक लाभ मिळतो. निर्देशक दोन भागांत: आठवीपर्यंतची मुले वेगळी, नववीच्या पुढची वेगळी. आणि चार शाळांसोबत एखादं कनिष्ठ महाविद्यालय किंवा तंत्रनिकेतन पहिल्या दिवसापासून यादीत. असं केलं असतं तरी २८० मुलांचे हजार रुपये परत आले नसते. पण केंद्राला कुलूपही लागलं नसतं.

आक्षेप

या तक्त्यावर टीका खूप झाली आहे आणि त्यातली बरीच रास्त आहे. एकदा मंजूर झाला की तो दगडावर कोरल्यासारखा होतो आणि परिस्थिती बदलली तरी लोक जुन्याच आकड्यांमागे धावतात. जे मोजता येत नाही ते त्यात मावत नाही. एखादी बाई पहिल्यांदा एकटी बँकेत जाऊन मॅनेजरशी बोलून आली, हे कोणत्या ओळीत लिहिणार? आणि न ठरवता घडलेल्या चांगल्या-वाईट परिणामांना त्यात रकानाच नाही.

पहिल्या आक्षेपाला माझं उत्तर आहे की दगड आपणच करतो. दर तीन महिन्यांनी बैठकीत फक्त चौथा रकाना वाचा: यातलं काय अजून खरं आहे? बदललं असेल तर तक्ता बदला, तारीख टाका आणि देणगीदाराला लेखी कळवा. नोव्हेंबर २०२२ मध्ये असं पत्र लगेच गेलं असतं तर उरलेले पैसे नववी-दहावी आणि महाविद्यालयाच्या मुलांकडे वळवायला परवानगी मागता आली असती. मार्चमध्ये अहवालासोबत सांगणं म्हणजे सबब वाटते. दुसऱ्या आक्षेपाला माझ्याकडे उत्तर नाही. त्या बाईची गोष्ट अहवालात वेगळी लिहा. तक्ता म्हणजे पूर्ण अहवाल नव्हे.

आणखी एक आक्षेप आपल्याच लोकांकडून येतो: 'आपण सेवा करतो, सवाबचं काम करतो, आपल्याला हे हिशेब कशाला?' नियत चांगली असणं ही आपली बाजू झाली. पण त्या आईने कागद घेऊन चार वेळा रोजी बुडवून केंद्रावर खेपा घातलेल्या असतात. तिच्या खात्यात काय आलं आणि नाही आलं तर का, हे सांगणं तिचा हक्क आहे.

तेव्हा पुढचा प्रस्ताव पाठवण्याआधी तक्ता मराठीत, नाहीतर तुमच्या घरात बोलली जाते त्या भाषेत लिहा. एक मुख्याध्यापक, एक पालक आणि सेतू केंद्रात काम केलेला कोणीतरी, अशा तिघांना बसवा आणि खालून वर 'जर-तर' लावून मोठ्याने वाचून दाखवा. ते जिथे हसतील तिथे गृहीतक लपलेलं असतं. ते चौथ्या रकान्यात लिहा, मग इंग्रजी तर्जुमा करा.